घ्यायचा दिवस दोन हजारांचा, द्यायचा दिवस आठशेचा

सप्टेंबरात एका रात्री साडेअकराला भाचीचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. खाली एकच ओळ होती, "मामा, हे बरोबर आहे का? उद्या संध्याकाळपर्यंत 'मान्य' दाबायचंय."

तिच्या कंपनीनं केलेला फुल अँड फायनलचा हिशोब होता तो. मी आयुष्यभर पगारपत्रकं केली. आधी हातानं खतावणीत, मग संगणकावर. निवृत्त झाल्यावरही नात्यातली, सोसायटीतली मुलं असे फोटो पाठवतात आणि मी चष्मा लावून बसतो. आजवर असे बरेच कागद पाहिलेत, पण हा एक सविस्तर लिहावासा वाटला. त्यात चूक आहे म्हणून नाही. चुका सगळीकडे होतात. इथली प्रत्येक चूक एकाच बाजूला कलली होती, म्हणून.

भाचीचं नाव आणि कंपनीचं नाव इथे नको. पुण्यातली बऱ्यापैकी मोठी कंपनी, हिची नोकरी बॅक ऑफिसची. हाताखाली कुणी नाही, सह्यांचे अधिकार नाहीत, नुसतं काम. रुजू झाली १२ जानेवारी २०१९ ला, शेवटचा दिवस ३१ जुलै २०२५. महिन्याचा एकूण पगार ६०,००० आणि त्यात बेसिक २४,०००. महागाई भत्ता वेगळा नाही.

स्क्रीनशॉटमध्ये काय होतं? डावीकडे जमा: जुलैचा पगार ६०,०००, लीव्ह एनकॅशमेंट ११,२००, ग्रॅच्युइटी ७२,०००. उजवीकडे वजा: नोटीस रिकव्हरी ६०,०००, पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. हातात पडणार ८१,२००. साडेसहा वर्षांच्या नोकरीचा शेवट, आणि त्यातही जवळजवळ साठ हजार तर चालू महिन्याचाच पगार.

मी पहिल्यांदा पाहिलं ते काय नाही ते. प्रत्येक रकमेपुढे किती दिवस आणि दिवसाला काय दर, हे दोन रकाने असायला हवेत. ते नव्हते. नुसते गोळा आकडे. हॉटेलच्या बिलावर 'जेवण: १,४००' एवढंच लिहिलं तर आपण वेटरला हाक मारतो, इथे मात्र 'मान्य' दाबतो. तेव्हा असा कागद आला की पहिलं काम उलटा भागाकार. ११,२०० ला बेसिकच्या रोजच्या दरानं, म्हणजे २४,००० भागिले ३० असे ८०० नं भागा. १४ दिवस आले. नोटिशीचे ६०,००० आठशेनं भागून बघा. ७५ दिवस येतात, आणि तिची नोटीसच ६० दिवसांची. म्हणजे इथे दर वेगळा आहे. एकूण पगार ६०,००० भागिले ३० म्हणजे २,०००, आणि त्यानं बरोबर ३० दिवस येतात.

आलं लक्षात? तीच मुलगी, तेच टेबल, तोच महिना. कंपनीला तिच्याकडून एक दिवस घ्यायचा तर त्याचा भाव दोन हजार. तिला एक दिवस द्यायचा तर आठशे. आमच्या गावच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची पायली वेगळी असायची. त्याला लोक काय म्हणायचे ते इथे लिहिता येत नाही.

आता एकेक ओळ घेऊ. आधी ग्रॅच्युइटी, कारण तिथे कंपनीच्या मर्जीला जागाच नाही.

ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. वेतन म्हणजे शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता. आता १५ दिवसांचं वेतन कसं काढायचं यावरून पूर्वी भांडणं झाली. महिना ३० दिवसांचा धरायचा की कामाचे २६? दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं २६ चा हिशोब योग्य ठरवला आणि १९८७ च्या दुरुस्तीत ते थेट कायद्यातच लिहिलं गेलं. मासिक वेतनाला २६ नं भागा, १५ नं गुणा. दुसरी गोष्ट वर्षांची. शेवटचं अपुरं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं असेल तर ते पूर्ण धरायचं.

भाचीची नोकरी ६ वर्षं ६ महिने २० दिवस. सहा महिन्यांच्या वर वीस दिवस, म्हणजे ७ वर्षं. २४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७ = ९६,९२३. कंपनीनं दिले ७२,०००. हे कुठून आले? २४,००० भागिले ३०, गुणिले १५, गुणिले ६. भागाकारात २६ चे ३० केले आणि वर्षांत ७ चे ६. फरक २४,९२३ रुपयांचा.

हे सूत्र आकाशातून पडलेलं नाही. ज्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागूच नाही अशा लोकांची करमाफी मोजायला आयकर कायद्यात जवळपास असंच सूत्र आहे: अर्ध्या महिन्याचा पगार गुणिले फक्त पूर्ण झालेली वर्षं. कुणीतरी ते उचलून इथे लावलं असणार. लहान दुकानाच्या अकाउंटंटनं अशी गल्लत केली तर मी समजू शकतो. पण या कंपनीला २६ माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी भाचीला म्हटलं, तुझं मागच्या पगारवाढीचं पत्र काढ. त्यात सीटीसीच्या तक्त्यात एक ओळ होती: ग्रॅच्युइटी, दरमहा १,१५४.

२४,००० चे ४.८१ टक्के म्हणजे १,१५४. आणि ४.८१ टक्के येतात ते १५ भागिले २६ भागिले १२ मधून. तीस धरले असते तर तिथे १,००० लिहिलं असतं. म्हणजे पॅकेज फुगवून दाखवताना २६, आणि पैसे मोजायची वेळ आली की ३०. तुमच्या पत्रातही ही ओळ असेल. मूळ पगाराच्या ४.८१ टक्के निघते का बघा. निघाली, तर कंपनीच्याच सहीचा पुरावा तुमच्या हातात आहे.

आता नोटीस. इथे मी मुलांचीही बाजू डोळे झाकून घेणार नाही. करारात ६० दिवस लिहिलेत, तुम्ही पंधराव्या दिवशी दुसरीकडे रुजू झालात, तर उरलेल्या दिवसांचे पैसे कापले म्हणून रडू नका. पण तीन गोष्टी तपासा. दिवस किती, दर कुठला आणि सोडलं कुणी.

भाचीनं राजीनाम्याचा मेल १ जुलैला टाकला. ६० दिवस म्हणजे २९ ऑगस्टपर्यंत. ३१ जुलैपर्यंत तिचे ३१ दिवस भरले, उरले २९. कंपनीनं धरले ३०, कारण साहेबांनी पोर्टलवर राजीनामा 'स्वीकारला' २ जुलैला आणि सिस्टीमनं मोजणी तिथून सुरू केली. साहेबांना एक दिवस उशीर झाला, त्याचे दोन हजार हिच्या खिशातून.

दर? तिच्या नेमणूकपत्रात वाक्य आहे की नोटिशीऐवजी कोणत्याही पक्षानं 'तेवढ्या काळाचं मूळ वेतन' द्यावं. मूळ वेतन. ग्रॉस नव्हे. म्हणजे कापायचेच होते तर २९ दिवसांचे ८०० प्रमाणे २३,२०० होतात, साठ हजार नाहीत. तुमच्या पत्रात कदाचित 'एकूण वेतन' असेल, मग दोन हजारच बरोबर. पण आधी पत्र वाचा. नोकरी लागताना पेढे वाटायच्या नादात हे पान कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. मी विचारलं, तू लवकर का सोडलंस? ती म्हणाली, "मी कुठे सोडलं? प्रोजेक्ट बंद झाला, १८ जुलैला मॅनेजरचा मेल आला की तुझा शेवटचा दिवस ३१ जुलै." मेल होता? होता. तिनं तो स्वतःच्या पत्त्यावर पाठवून ठेवला होता, देव पावला. म्हणजे ती २९ ऑगस्टपर्यंत काम करायला तयार होती आणि कंपनीनंच तिला आधी सोडलं. मग कापायचे कशाचे? करार 'कोणत्याही पक्षानं' असं म्हणतो, तर खरं पाहता उरलेल्या २९ दिवसांचे पैसे कंपनीनं तिला द्यावेत असा मुद्दा निघतो. तो भांडून मिळवावा लागेल आणि प्रत्येकाच्या पत्रातल्या शब्दांवर ठरेल, म्हणून मी तो हिशोबात धरला नाही. पण रिकव्हरी? शून्य.

जाता जाता एक. काही ठिकाणी नोटीस रिकव्हरीवर वर १८ टक्के जीएसटीही लावतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून सांगितलंय की ही सेवा नव्हे, तिच्यावर जीएसटी नाही. कागदावर ती ओळ दिसली तर थेट बोट ठेवा.

उरली रजा. कंपनीनं दिले १४ दिवस. भाची म्हणते पोर्टलवर २२ होत्या. ८ कुठे गेल्या? एचआर म्हणे मार्चअखेर 'लॅप्स' झाल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. बावीस म्हणजे त्याच्या निम्म्याही नाहीत. कंपनीचं धोरण कायद्यापेक्षा जास्त देऊ शकतं, कमी नाही. हा कायदा व्यवस्थापकीय पदांना लागत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच लिहिलं की हिला कसले अधिकार नव्हते. तिच्या पदनामात 'असिस्टंट मॅनेजर' आहे, पण नावानं काही होत नाही, काम बघतात. शिवाय मे महिन्यात तिनं सहा दिवस मागितले होते आणि 'कामाचा ताण आहे' म्हणून नाकारले होते. असे नाकारल्याचे मेल जपून ठेवा. मागितलेली रजा दिली नाही आणि मग माणूस नोकरी सोडून गेला, तर त्या रजेच्या पैशांवर त्याची बाजू भक्कम होते.

दराच्या बाबतीत मात्र मी तिला आशा लावली नाही. २,००० की ८०० हे कंपनीच्या रजेच्या धोरणात काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून असतं, आणि तिच्याकडे धोरणाचा कागद नव्हता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला लॉगिन बंद. रजेचं पान, धोरण, सॅलरी स्लिपा, सगळं आत. म्हणून सांगतो, राजीनामा टाकायच्या आधल्या आठवड्यात शेवटच्या तीन स्लिपा, रजेच्या शिलकीचं पान तारखेसकट, नेमणूकपत्र आणि वाढीचं पत्र घरी आणा. तुमचे स्वतःचे कागद तेवढेच. कंपनीच्या फायलींना हात लावू नका, नाहीतर ते वेगळंच प्रकरण होतं.

तर आमचा हिशोब असा झाला: जुलैचा पगार ६०,०००, रजा २२ दिवसांचे ८०० प्रमाणे १७,६००, ग्रॅच्युइटी ९६,९२३. वजा पीएफ आणि व्यवसाय कर मिळून २,०००. येणं १,७२,५२३. कंपनी म्हणते ८१,२००. फरक ९१,३२३ रुपये. पगाराच्या दीडपट रक्कम, एका स्क्रीनशॉटमध्ये गायब.

दुसऱ्या दिवशी भाचीनं 'मान्य' दाबलं नाही. एचआरला फोन केला, स्पीकरवर मी ऐकत होतो. पलीकडचा मुलगा तिच्याच वयाचा असेल. "मॅम, हे सिस्टीम जनरेटेड आहे. ॲक्सेप्ट केल्याशिवाय पेमेंट प्रोसेस होत नाही. आणि रिलीव्हिंग लेटरही त्यानंतरच."

हे शेवटचं वाक्य म्हणजे सगळ्या खेळाची किल्ली. नव्या कंपनीला रिलीव्हिंग लेटर हवं असतं, मुलगी घाबरते, बटण दाबते. राग मला त्या पोराचा नाही आला. त्याला कुणीतरी हे वाक्य पाठ करून दिलंय. राग आला तो ते लिहिणाऱ्याचा. ग्रॅच्युइटी ही कंपनीची मेहेरबानी नाही. कर्मचाऱ्यानं अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवून तीस दिवसांत द्यायची जबाबदारी मालकाची आहे, उशीर झाला तर वर दहा टक्के सरळ व्याज. ती अडवायची कारणं कायद्यानं मोजून दिलीत: नुकसान, दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि तेही त्या कारणानं कामावरून काढलं असेल तरच. 'नोटीस पूर्ण केली नाही' हे त्यात कुठेही नाही. आणि 'माझी काही बाकी नाही' असं लिहून घेतलं, तरी त्यानं ग्रॅच्युइटीचा हक्क जात नाही. हा कायदा कुठल्याही कराराच्या वर आहे. रजा आणि नोटिशीच्या बाबतीत मात्र तशी सही अडचणीची ठरू शकते, म्हणून आधी सही नकोच.

आम्ही मेल लिहिला. शिव्या नाहीत, कोर्टाची धमकी नाही. तीन परिच्छेद, तीन ओळींचे आकडे, सोबत वाढीचं पत्र, १८ जुलैचा मेल आणि रजा नाकारल्याचा मेल. शेवटी एवढंच, की प्रत्येक रकमेपुढे दिवस आणि दर लिहून सुधारित पत्रक द्यावं, वाद नसलेली रक्कम आधी जमा करावी, ग्रॅच्युइटी न मिळाल्यास नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला जाईल.

तेरा दिवस शांतता. मग नवं पत्रक आलं. नोटीस रिकव्हरी गेली. ग्रॅच्युइटी ९६,९२३ झाली. रजा २२ झाली, दर ८०० च राहिला, आणि तो आम्ही सोडला. पैसे १० ऑक्टोबरला जमा झाले. ग्रॅच्युइटी द्यायला ३० ऑगस्टपर्यंत मुदत होती, म्हणजे ४१ दिवस उशीर, त्याचं व्याज साधारण १,०८९ रुपये होतं. तेही मागितलंय, अजून उत्तर नाही. मेलमध्ये एक ओळ होती: "सिस्टीम एररमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

ज्यांचा शेवटचा दिवस २१ नोव्हेंबर २०२५ नंतरचा आहे त्यांनी आणखी एक बघावं. त्या दिवसापासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. भाचीसारखा पगार असेल, तर २४,००० ऐवजी साधारण ३०,००० वेतन धरून ग्रॅच्युइटी काढावी लागेल. बेसिक मुद्दाम लहान ठेवायची युक्ती आता तशी चालणार नाही. आणि पगाराची बाकी राजीनाम्यानंतरही दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. '४५ दिवसांत एफ अँड एफ' ही कंपन्यांची प्रथा होती, ती पगाराच्या बाकीला आता लावता येणार नाही.

मी हे सगळं तेव्हाच लिहिणार होतो, पण भाची म्हणाली, "जाऊ दे मामा, चूक मान्य केली ना त्यांनी." म्हणून थांबलो.

गेल्या आठवड्यात तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा स्क्रीनशॉट आला. तिनं सप्टेंबरअखेर सोडलं, पत्रक आता हाती पडलंय. तेच पोर्टल, तोच निळा रंग, खाली तेच बटण. ५ फेब्रुवारी २०२० ला रुजू, शेवटचा दिवस ३० सप्टेंबर २०२५, बेसिक २०,०००. पाच वर्षं आणि जवळजवळ आठ महिने, म्हणजे सहा वर्षं धरून ६९,२३१ व्हायला हवेत. सिस्टीम एरर दुरुस्त झाल्याला तोवर दोन महिने होऊन गेले होते.

ग्रॅच्युइटीच्या ओळीत ५०,००० लिहिलंय. भागून बघा.